इन्व्हर्टरवर मोबाइल लावला तर बिघडतो का? तरंगाच्या आकाराचा खरा हिशेब

लाइट गेली की घरात दोन गट पडतात. एक गट इन्व्हर्टरच्या सॉकेटला बिनधास्त मोबाइल लावतो. दुसरा म्हणतो, "अरे, हा साधा स्क्वेअर वेव्हवाला आहे, फोनची बॅटरी खराब होईल." इन्व्हर्टर घ्यायला गेलं तरी हेच ऐकायला मिळतं: प्युअर साइन वेव्ह घ्या, नाहीतर उपकरणं जळतील. पंखा, मिक्सर किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत या बोलण्यात तथ्य आहे. मोबाइलच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. "जवळजवळ" का म्हटलं, तेही पुढे येईल, कारण आकार खरोखर बाधतो अशी चार्जिंगची एक जात आहे आणि ती बऱ्याच घरांत असते.

आकार म्हणजे नेमकं काय

भिंतीतल्या सॉकेटमधला वीजदाब स्थिर नसतो. तो शून्यापासून हळूहळू वर चढतो, शिखर गाठतो, उतरतो, शून्याखाली जातो आणि पुन्हा वर येतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात हे चक्र सेकंदाला ५० वेळा होतं. ही गोलसर, सलग चढउतार म्हणजे साइन वेव्ह.

यातली एक गोष्ट पुढे सतत लागणार आहे. आपण ज्याला २३० व्होल्ट म्हणतो, ते शिखर नसतं. तो एक प्रकारचा सरासरी आकडा आहे, त्याला आरएमएस म्हणतात: हीटरला तेवढीच उष्णता द्यायला किती व्होल्टचा स्थिर दाब लागला असता, ते तो सांगतो. २३० आरएमएसच्या साइन वेव्हचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टला असतं.

इन्व्हर्टरकडे बॅटरीचा स्थिर, एकाच दिशेचा दाब असतो. त्यातून उलटसुलट होणारा दाब तयार करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्विच खटाखट फिरवणं: अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली, मध्ये काही नाही. ही स्क्वेअर वेव्ह. तिचं शिखर आणि आरएमएस सारखंच असतं, म्हणजे २३० ची स्क्वेअर वेव्ह २३० च्या वर जातच नाही. त्याहून थोडा सुधारलेला प्रकार म्हणजे मॉडिफाइड साइन. नावात साइन असलं तरी ही चौकोनी वेव्हच असते, फक्त वर आणि खाली यांच्या मधे थोडा वेळ शून्यावर थांबते. शिखर ३२५ ठेवून निम्मा वेळ शून्यावर थांबलं की आरएमएस बरोबर २३० येतो. म्हणजे शिखरही साइनसारखं आणि उष्णताही साइनएवढी. संगणकाच्या छोट्या यूपीएसमधून बॅटरीवर बहुतेक वेळा हाच आकार बाहेर येतो.

घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि इन्व्हर्टर मोड असं एक बटण असतं. त्याचा या आकाराशी काही संबंध नाही. मेन लाइनचा दाब किती खालीवर झाला की बॅटरीवर जायचं आणि ते किती झटकन, एवढंच ते ठरवतं.

चार्जर आत काय करतो

मोबाइलचा चार्जर आलेला दाब थेट कमी करत नाही. आधी तो चार डायोडच्या पुलातून जातो. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे खालचा अर्धा भागही उलटून वर येतो. मग ही वीज एका कपॅसिटरमध्ये साठते. याच दाबावर पुढचं सर्किट चालतं. ते हा साठा सेकंदाला हजारो वेळा तोडत एका इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतं आणि पलीकडे ५ किंवा ९ व्होल्ट बाहेर काढतं. बाहेरचा दाब जरा हलला की आतली चिप तोडण्याचा वेग किंवा वेळ बदलून तो जागेवर आणते.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी थांबतं, पण टाकीत साठा असला की खालच्या तोटीला त्याचा पत्ता लागत नाही. चार्जरमधला कपॅसिटर म्हणजे ती टाकी, आणि डायोड म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. पाणी कोणत्या लयीत आलं, हे टाकीच्या पलीकडे कुणालाच कळत नाही.

म्हणून चार्जरसाठी तरंगाचा गोलपणा नाही, तर दोनच गोष्टी महत्त्वाच्या: शिखर किती उंच आहे, आणि दोन शिखरांमध्ये किती वेळ वाट पाहावी लागते. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. १०० व्होल्टच्या साइन वेव्हचं शिखर सुमारे १४१ असतं, म्हणजे कपॅसिटरवर १४१ व्होल्टच्या आसपास दाब आला तरी हा चार्जर पूर्ण क्षमतेने चालेल असं बनवणाऱ्याने लिहूनच दिलंय. मग स्क्वेअर वेव्हचे २३० आले काय किंवा साइनचे ३२५ आले काय, दोन्ही त्याच्या आवाक्यात आहेत.

१८ वॅटच्या चार्जरचा हिशेब

हे आकड्यांत पाहिलं की शंका उरत नाही. १८ वॅट देणारा चार्जर घ्या. उष्णतेत जाणारी वीज धरून तो सॉकेटमधून सुमारे २० वॅट ओढतो. आतला कपॅसिटर साधारण २२ मायक्रोफॅरडचा धरू. तो ३२५ व्होल्टला भरला की त्यात सुमारे १.१६ जूल ऊर्जा असते.

मॉडिफाइड साइनमध्ये दर अर्ध्या चक्रात, म्हणजे १० मिलिसेकंदांत, ५ मिलिसेकंद दाब शून्यावर असतो. तेवढ्या वेळात चार्जर ०.१ जूल खातो. कपॅसिटरमध्ये १.०६ जूल उरतात आणि दाब ३२५ वरून ३१० ला येतो. पंधरा व्होल्टची उतरण, बस.

आता साइन वेव्हचं पाहा. कपॅसिटर फक्त शिखराच्या आसपास भरतो, कारण बाकी वेळ बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमीच असतो. भरण्याचा काळ जेमतेम एक-सव्वा मिलिसेकंद, बाकीचे जवळजवळ ९ मिलिसेकंद तो साठ्यावर काढतो. त्यात दाब ३०० च्या खाली-वर येतो. म्हणजे ज्या शुद्ध साइन वेव्हचं इतकं कौतुक होतं, तिच्यावरच चार्जरच्या कपॅसिटरला जास्त वेळ उपाशी राहावं लागतं! स्क्वेअर वेव्हमध्ये तर वाट पाहणं जवळपास नसतंच. दाब कमी असतो, पण सतत असतो.

याच हिशेबातून आणखी एका भीतीचं उत्तर मिळतं. लाइट गेल्यावर यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पडतो, तो फोनला लागतो का? भरलेला कपॅसिटर ३२५ वरून १४१ व्होल्टपर्यंत उतरायला या भारावर सुमारे ४७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात यूपीएसमधला रिले, म्हणजे मेन लाइनवरून बॅटरीवर नेणारा स्विच, केव्हाच बदललेला असतो. फोनला लाइट गेल्याचं कळतही नाही.

"पण मीटरवर १८० व्होल्टच दिसतात"

हौसेने मल्टीमीटर लावून पाहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. इन्व्हर्टर १८० व्होल्टच देतोय, म्हणून चार्जिंग हळू होतंय, असा निष्कर्ष निघतो आणि इन्व्हर्टर दुरुस्तीला जातो.

साधा मल्टीमीटर आरएमएस मोजत नाही. तो सरळ सरासरी मोजतो आणि समोर साइन वेव्हच आहे असं गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. ३२५ शिखराच्या, निम्मा वेळ शून्यावर असलेल्या मॉडिफाइड साइनची सरासरी १६२.५ येते; १.११ ने गुणली की १८०. तोच मीटर २३० च्या स्क्वेअर वेव्हवर २५५ दाखवतो आणि मग उलटी घबराट होते. दोन्ही वेळा इन्व्हर्टर ठीक असतो, मीटरचं गृहीतक चुकलेलं असतं. ज्याच्यावर ट्रू आरएमएस लिहिलंय तो मीटर लावला की दोन्हीकडे २३० च्या आसपास आकडा येतो.

चार्जिंग हळू आहे की नाही हे पाहायचं तर मीटर सॉकेटला नाही, यूएसबीच्या टोकाला लावा. तिथे व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा टेस्टर मिळतो. फास्ट चार्जिंग चालू होणं हे चार्जर आणि फोन यांच्यात केबलमधून ठरतं. सॉकेटच्या तरंगाला त्या बोलण्यात जागा नाही.

मग चार्जर गुणगुणतो का? स्क्रीन वेड्यासारखी का वागते?

या दोन तक्रारी खऱ्या आहेत, आणि इथे आकाराचा हात आहे. चौकोनी तरंगाची कड एकदम उभी असते. दाब शून्यावरून ३२५ वर काही मायक्रोसेकंदांत उडी मारतो. त्या धक्क्याने चार्जरमधली कॉइल आणि काही कपॅसिटर किंचित थरथरतात आणि कान जवळ नेला तर गुणगुण ऐकू येते. नुसता आवाज असेल तर काळजीचं कारण नाही. हात लावून धरवत नाही इतका गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र लगेच काढा. तो चार्जर मेन लाइनवरही फार दिवस टिकणारा नसतो.

स्क्रीनचं कारण वेगळं आहे. चार्जरमध्ये उच्च दाबाची आणि फोनकडची बाजू यांच्या मधे एक लहानसा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो, रेडिओचा गोंगाट कमी करण्यासाठी. त्यातून इवलासा प्रवाह पलीकडे जातो. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या फोनला हलका झिणझिणीत स्पर्श जाणवतो, तो याचाच. उभ्या कडांचे झटके या वाटेने जास्त सहज पलीकडे जातात. टचस्क्रीन बोटाची विद्युत धारकता मोजून चालते, त्यामुळे हे झटके तिला खोटी बोटं वाटतात: आपोआप टाइप होणं, स्क्रोल उड्या मारणं, किंवा स्पर्शच न कळणं. फोन बिघडलेला नसतो. पिन काढली की तो त्याच क्षणी नीट चालतो, आणि हीच त्याची खूण. दुसरा, चांगल्या बनावटीचा चार्जर लावून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो.

फोनच्या बॅटरीपर्यंत यातलं काही पोचत नाही. फोनमध्ये स्वतःची चार्जिंग चिप असते. आलेला ५ किंवा ९ व्होल्टचा डीसी ती पुन्हा एकदा बदलून बॅटरीला लागेल तसा देते. म्हणजे सॉकेटमधला आकार एकदा चार्जरमध्ये पुसला जातो, आणि राहिलीच काही खरखर तर दुसऱ्यांदा फोनमध्ये.

जिथे आकार खरंच जाळतो

आता ती "जवळजवळ"ची गोष्ट. स्वस्त टॉर्च किंवा डास मारायची रॅकेट यांच्या मागून दोन पिना बाहेर सरकतात आणि थेट सॉकेटमध्ये जातात. त्यांपैकी बऱ्याच वस्तूंत चार्जर नावाचं काही नसतंच. एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर एकामागे एक जोडून प्रवाह कमी केलेला असतो. साइन वेव्ह सावकाश चढते-उतरते म्हणून कपॅसिटर तिला अडवतो. उभ्या कडेला तो अडवू शकत नाही. कडेच्या क्षणी सगळा भार रेझिस्टरवर येतो.

किती? १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४७ ओहमचा रेझिस्टर धरा. २३० च्या साइन वेव्हवर प्रवाह ७२ मिलिअँपिअर येतो आणि रेझिस्टर पाव वॅट उष्णता सोडतो. मॉडिफाइड साइनमध्ये एका चक्रात अशा चार कडा असतात. कडा अगदी उभ्या असतील तर प्रत्येक कडेला रेझिस्टरमध्ये सुमारे ०.०५३ जूल ऊर्जा जळते, चार कडांची सेकंदाला ५० चक्रं, म्हणजे दहा वॅटच्या वर. पाव किंवा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर यात काळा पडतो. प्रत्यक्ष कडा थोड्या कललेल्या असतात, त्यामुळे आकडा कमी होतो, पण सुरक्षित पातळीवर येईलच असं नाही. अशी टॉर्च साध्या इन्व्हर्टरवर लावू नका. ती मेन लाइनवरच भरा.

मग एखादा अगदी स्वस्त मोबाइल चार्जर आतून असाच असला तर? नसतो, आणि कारण साधं आहे. मोबाइलला निदान एक अँपिअर तरी हवा. या पद्धतीने एक अँपिअर काढायला सुमारे १४ मायक्रोफॅरडचा, मेन लाइनचा दाब झेलणारा कपॅसिटर लागेल. तो चार्जरच्या डबीत मावणारच नाही. शिवाय फोनचा आणि मेन लाइनचा थेट संबंध येईल आणि हात लावणाऱ्याला शॉक बसेल. म्हणून सर्वांत सुमार मोबाइल चार्जरही आतून कपॅसिटर-साठा आणि स्विचिंगवालाच असतो. अपवाद फक्त फार जुन्या फोनच्या जड, ठोकळ्यासारख्या चार्जरचा. त्यात सरळ लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि चौकोनी तरंगावर तो घुमतो आणि जास्त तापतो. लॅपटॉपच्या मोठ्या, ७५ वॅटच्या वरच्या अडॅप्टरमध्ये पुढे आणखी एक सर्किट असू शकतं आणि ते कधी कधी अशा तरंगावर कुरकुरतं. पण तो विषय मोबाइलचा नाही.

चार्जिंग चालू-बंद होत राहतं

दर सेकंदा-दोन सेकंदांनी चार्जिंगचं चिन्ह येतं आणि जातं, असं झालं तर तरंगाला दोष देण्याआधी इन्व्हर्टरची बचत-सोय पाहा. काही इन्व्हर्टर भार फार कमी असेल तर झोपतात आणि अधूनमधून क्षणभर वीज सोडून काही जोडलंय का ते चाचपतात. ७-८ वॅट ओढणारा एकटा चार्जर त्यांच्या हिशेबी "काही नाही" असतो. काही छोटे यूपीएस तर अशा वेळी पूर्ण बंदच होतात. सोबत एक दिवा लावला आणि चार्जिंग सलग झालं, तर कारण हेच. ही सोय बंद करता येत असेल तर बंद करा.

आकारापेक्षा महाग पडणारी गोष्ट

इन्व्हर्टर चालू ठेवण्यातच वीज जाते, त्याला काही जोडलेलं असो वा नसो. मोठ्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, तिथे हे जाणवत नाही. पण संगणकाच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ८४ वॅट-तास, आणि प्रत्यक्षात हाती येतात त्याहून बरेच कमी.

५००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनमध्ये सुमारे १९ वॅट-तास मावतात. फोन आणि चार्जरमधला तोटा धरून सॉकेटमधून २६ च्या आसपास जातात. यूपीएस रिकामा चालताना १५ वॅट खातो असं समजू. १८ वॅटच्या चार्जरने फोन पूर्ण भरायला पावणेदोन तास लागले तर त्या वेळात यूपीएसने स्वतःसाठी आणखी २६ वॅट-तास उडवले. एकूण ५० च्या वर, म्हणजे एक फोन भरण्यातच यूपीएसची बॅटरी जवळपास संपली.

तोच फोन जुन्या ५ वॅटच्या चार्जरवर लावा. साडेचार तास लागतील आणि यूपीएसचा स्वतःचा खर्च ६७ वॅट-तासांवर जाईल. फोन पूर्ण भरायच्या बराच आधी यूपीएस शिट्ट्या मारून बंद पडेल. सावकाश चार्जिंग म्हणजे काटकसर, ही समजूत बॅटरीवर उलटी पडते. तिथे फास्ट चार्जर स्वस्त पडतो, आणि शेवटच्या २० टक्क्यांना वेग मंदावतो म्हणून ८० वर पिन काढणं आणखी स्वस्त. दोन फोन असतील तर एकापाठोपाठ एक नाही, एकाच वेळी लावा, म्हणजे यूपीएसचा रिकामा खर्च एकदाच होतो. आणि १२ व्होल्टची बॅटरी हाताशी असेल तर गाडीत लावायचा यूएसबी चार्जर, मधे फ्यूज घालून, थेट तिलाच जोडला की २३० व्होल्टपर्यंत चढून परत उतरण्याचा सगळा उपद्व्यापच टळतो: तोच फोन २५ वॅट-तासांच्या आसपास भरतो.